नऊ शाळांचा एक तक्ता: रिकाम्या ओळी, कोरे स्तंभ आणि पुन्हापुन्हा येणारे मथळे कसे काढायचे

आमच्या केंद्रातल्या नऊ शाळांची विद्यार्थी माहिती एकत्र करण्याचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. नमुना एकच दिलेला असतो, परत येताना मात्र त्याची नऊ रूपं झालेली असतात. कुणी एक्सेलमध्ये भरतं, कुणी वर्डमध्ये, कुणी पीडीएफ धाडतं, आणि एखादे गुरुजी नमुन्यात स्वतःच्या सोयीचे फेरफार करून घेतात. सगळं एकाखाली एक चिकटवलं की या वर्षी ३१२ ओळी झाल्या. मुलं होती २१४. उरलेल्या ९८ ओळी काढून टाकायच्या होत्या, आणि त्या काढताना एकही मूल गळता कामा नये, ही खरी मेख. ते कसं केलं ते या वर्षीच्याच तक्त्यावरून सांगतो. सूत्रं एक्सेलची आहेत, पण गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही चालतात. लिब्रेऑफिसमध्ये फक्त पानाच्या नावापुढे `!` ऐवजी `.` लिहा.

आधी, जी युक्ती करू नये ती

रिकाम्या ओळी काढायच्या म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं: सगळं निवडा, `Go To Special` मध्ये `Blanks` घ्या आणि `Delete` करून `Entire row` म्हणा. तीन क्लिकचं काम. पण ही आज्ञा रिकामी ओळ शोधत नाही, रिकामा चौकोन शोधते. ज्या मुलाच्या पालकांचा मोबाइल नंबर भरलेला नाही, त्याच्या ओळीत एक चौकोन रिकामा असतो, आणि तेवढ्यावर ते मूल यादीतून जातं. आमच्या नमुन्यात 'शेरा' हा स्तंभ कुणीच भरत नाही. म्हणजे मुलांच्या झाडून सगळ्या ओळींत किमान एक चौकोन कोरा. ही युक्ती केली असती तर एक मूलही उरलं नसतं. सगळंच गेलं की निदान लक्षात तरी येतं. पाच-दहा ओळी गेल्या तर कळतही नाही, आणि ते जास्त वाईट.

दुसरा मोह `Remove Duplicates` चा. मथळे सारखेच आहेत, तर जुळ्या ओळी काढल्या की झालं, असं वाटतं. पण मथळे सारखे नसतात (पुढे दाखवतो), आणि नुसत्या नावाच्या स्तंभावर ही आज्ञा चालवली तर एकाच नावाची दोन मुलं असल्यास त्यातलं एक जातं. एका केंद्रात सारख्या नावाची दोन मुलं निघणं ही काही नवलाई नाही.

मांडणी

मी मूळ पान जसंच्या तसं ठेवतो, त्याची प्रत काढतो आणि प्रतीला 'माहिती' असं नाव देतो. डावीकडे तीन नवे स्तंभ घालतो: A मध्ये मूळ क्रमांक, B मध्ये शाळा, C मध्ये खूण. चिकटवलेला मजकूर D पासून सुरू होतो: D अनुक्रमांक, E विद्यार्थ्याचं नाव, F इयत्ता, G जन्मतारीख, H आईचं नाव, I मोबाइल, J बँक खातं, K शेरा. L मध्ये काय आहे ते सुरुवातीला मलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या ओळीत माझा स्वतःचा मथळा, आणि माहिती दुसऱ्या ओळीपासून ३१३व्या ओळीपर्यंत.

वर्डमधून चिकटवण्याआधी मोबाइल आणि बँक खातं हे दोन स्तंभ `Text` करून घ्या आणि चिकटवताना `Match Destination Formatting` निवडा. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असले तर पुढचे अंक शून्य होऊन बसतात. मग साफसफाई कितीही नीट केली तरी ते अंक परत येत नाहीत.

चिकटवून झालं की सगळं पान निवडून `Unmerge Cells` करा. नमुन्याचं शीर्षक, शाळेचं नाव, सहीची ओळ हे सगळं जोडलेल्या चौकोनांत असतं. ते सुटं केलं नाही तर पुढे क्रम लावताना एक्सेल `To do this, all the merged cells need to be the same size.` असं म्हणून अडून बसतं. सुटं केल्यावर मजकूर डावीकडच्या वरच्या चौकोनात राहतो आणि बाकीचे चौकोन कोरे होतात. हे लक्षात असू द्या, पुढे याच गोष्टीने मला फसवलं होतं.

A मध्ये १ ते ३१२ आकडे घाला. सूत्र नको, आकडेच. ओळी कितीही वरखाली झाल्या तरी या आकड्यांवर क्रम लावला की सगळं मूळ जागी येतं.

मथळा काढण्याआधी त्यातलं नाव वाचवा

प्रत्येक शाळेच्या तुकड्यावर दोन ओळी असतात. एक नमुन्याच्या शीर्षकाची आणि एक 'शाळेचे नाव : ...' अशी. मुलांच्या ओळींत शाळेचं नाव कुठेच नसतं. म्हणजे ही ओळ कचरा म्हणून काढली की खालची मुलं कुठल्या शाळेची, हे सांगायला काही उरत नाही. म्हणून ते नाव आधी प्रत्येक ओळीत उतरवून घ्यायचं. B2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=IF(LEFT(TRIM($D2),6)="शाळेचे",TRIM($D2),B1)
```

ओळ 'शाळेचे' या शब्दाने सुरू होत असेल तर तीच घे, नाहीतर वरच्या ओळीत जे आहे तेच पुढे चालव, एवढाच अर्थ. दिसायला तीन अक्षरं असून सहा का, असं वाटेल. एक्सेल काना-मात्रा वेगळ्या मोजतं: श, काना, ळ, मात्रा, च, मात्रा. देवनागरीत `LEFT` वापरताना आधी `LEN` ने मोजून घ्यावं हे बरं.

एका शाळेच्या फाइलमध्ये ही ओळच नव्हती. तशी फाइल असली की तिची मुलं गुपचूप वरच्या शाळेत जाऊन बसतात. म्हणून चिकटवतानाच ती ओळ हाताने लिहून टाकावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. B स्तंभ पूर्ण निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी `Paste Special` मधून `Values` चिकटवा. हे सूत्र वरच्या ओळीवर अवलंबून आहे. तसंच ठेवून क्रम लावला तर 'वरची ओळ' बदलते, आणि मुलं शाळा बदलतात. मागे एकदा माझ्याकडून हे राहिलं होतं. चूक सापडली ती एका मुख्याध्यापकांच्या फोनमुळे.

कचरा काय, हे ओळीलाच लिहून ठेवा

मी काहीही थेट काढत नाही. आधी प्रत्येक ओळीला खूण देतो. त्याआधी दोन गोष्टी करून घ्यायच्या.

पहिली म्हणजे न दिसणारी मोकळी जागा. पीडीएफ किंवा वेब पानावरून आलेल्या मजकुरात साध्या स्पेसऐवजी दुसऱ्याच प्रकारची स्पेस असते, तिचा क्रमांक १६०. दिसायला अगदी तशीच, पण `TRIM` तिला हात लावत नाही. असा चौकोन डोळ्यांना कोरा दिसतो आणि एक्सेलला भरलेला. `COUNTA` ने मोजलं तेव्हा या तक्त्यात पूर्ण रिकाम्या ओळी ११ निघाल्या होत्या, प्रत्यक्षात होत्या १६. संशय आला तर `=LEN(E40)` आणि `=UNICODE(E40)` लिहून पाहा. कोऱ्या दिसणाऱ्या चौकोनाची लांबी १ आणि क्रमांक १६० आला की चोर सापडला. E स्तंभ निवडून `Find & Replace` मध्ये ती स्पेस काढून तिथे साधी स्पेस घाला. शोधायच्या चौकटीत ती टाइप करता येत नसेल तर एखाद्या चौकोनात `=UNICHAR(160)` लिहून, त्याचं मूल्य चिकटवून, तिथून उचला. हे फक्त E मध्ये करा. खाते क्रमांकांच्या स्तंभावर बदली चालवली तर एक्सेल तो मजकूर नव्याने वाचतं आणि त्याचा आकडा करून टाकू शकतं.

याच ओघात एक सावधगिरी. न दिसणारी सगळीच चिन्हं कचरा नसतात. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा र काही कीबोर्डवर अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेला असतो. इंटरनेटवरचं एखादं 'सगळी अदृश्य चिन्हं काढा' छापाचं सूत्र चालवलं की मुलांची आडनावं मोडतात.

दुसरी गोष्ट, मथळ्यांची यादी. नऊ फाइलींत नावाच्या स्तंभाचा मथळा 'विद्यार्थ्याचे नाव', 'विद्यार्थ्यांचे नाव', 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव', 'मुलाचे नाव' अशा चार तऱ्हांनी आला होता. एका फाइलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये ओळ तोडलेली होती, तो पाचवा. हे सगळे P2 पासून खाली लिहून काढले, तोडलेला मात्र पानावरूनच उचलून चिकटवला. 'नाव' हा शब्द असलेली ओळ शोधून काढा, असा सोपा मार्ग घेऊ नका. 'नावेकर' आडनावाचं मूल त्यात सापडेल. पूर्ण मजकूर जुळला तरच तो मथळा.

यादीत आणखी तीन नोंदी घातल्या. सरकारी नमुन्यात मथळ्याखाली स्तंभांचे क्रमांक लिहिलेली ओळ असते: १, २, ३, ४... ती अगदी माहितीच्या ओळीसारखी दिसते. नावाच्या स्तंभाखाली तिथे २ असतो, म्हणून यादीत `'2` आणि `'२` असे दोन्ही घातले. आधीचं चिन्ह गाळू नका. `TRIM` मधून गेलेला २ मजकूर होतो, आणि मजकुरातला २ आकड्यातल्या २ शी जुळत नाही. तिसरी नोंद 'एकूण'. प्रत्येक शाळेने खाली बेरीज दिलेली असते. ती ओळ राहिली तर पुढची प्रत्येक मोजणी फुगते.

आता C2 मध्ये खुणेचं सूत्र:

```
=IF(SUMPRODUCT(LEN(TRIM(SUBSTITUTE(D2:L2,UNICHAR(160)," "))))=0,"रिकामी",
 IF(LEN(TRIM($E2))=0,"नाव नाही",
 IF(ISNUMBER(MATCH(TRIM($E2),$P$2:$P$12,0)),"मथळा","ठेवा")))
```

पहिली पायरी D ते L पर्यंतच्या सगळ्या मजकुराची लांबी मोजते. ती शून्य असेल तरच ओळ रिकामी. दुसरी पायरी मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. दोन शाळांनी अनुक्रमांक आधीच छापून ठेवले होते आणि मुलं कमी निघाली. उरलेल्या ओळींत नुसता आकडा, पुढे काही नाही. अशा ओळी कुठल्याही 'रिकाम्या ओळी काढा' आज्ञेला सापडत नाहीत, कारण त्या रिकाम्या नाहीतच. त्या इथे 'नाव नाही' मध्ये पडतात. शीर्षकं, शाळेची नावं आणि सहीच्या ओळीही तिथेच जातात, कारण त्यांचा मजकूर D मध्ये किंवा पार उजवीकडे असतो.

खाली ओढून मोजलं: ठेवा २१६, मथळा २०, नाव नाही ६०, रिकामी १६. बेरीज ३१२, म्हणजे एकही ओळ खुणेविना नाही. पण शाळांनी कळवलेल्या पटाची बेरीज २१४ होती. दोन ओळी जास्त. लगेच काढायला लागलो असतो तर 'दोनच तर जास्त आहेत' म्हणून त्या शोधल्या असत्या आणि घोळ कायम राहिला असता, कारण फरक दोनाचा असला तरी चुका चार होत्या.

दोन ढीग डोळ्यांनी पाहायचे

या टप्प्यावर C स्तंभही `Values` करून घ्या, म्हणजे खुणा हाताने बदलता येतात. मग 'ठेवा' वर फिल्टर लावला आणि F मधल्या फिल्टरची यादी उघडली. प्राथमिक शाळांमध्ये तिथे इयत्तांचे आकडे सोडून काही दिसायला नको. मला 'इयत्ता' आणि 'वर्ग' असे दोन शब्द दिसले. म्हणजे दोन मथळे निसटले होते. एकात 'विद्यार्थ्याचे नांव' असं जुन्या पद्धतीने अनुस्वार देऊन लिहिलेलं, दुसऱ्यात पुढे विसर्ग. त्यांची खूण 'मथळा' केली.

यादीत तळाला `(Blanks)` होतं, त्यात ३२ ओळी. त्यातली एक विचित्र होती: E मध्ये नुसतं आडनाव, बाकी काही नाही. ही वर्डची करामत. तिथे कुणी नाव लिहिताना चौकोनात मध्येच एंटर दाबलं की एक्सेलमध्ये त्याच्या दोन ओळी होतात आणि आडनाव खालच्या ओळीत उतरतं. वरच्या ओळीतल्या नावाला आडनाव जोडून खालच्या ओळीला 'तुकडा' अशी खूण दिली. ही ओळ कुठल्याच सूत्राने रिकामी ठरली नसती, आणि हिला एक विद्यार्थी म्हणून पुढे पाठवलं असतं. उरलेल्या ३१ ओळींकडे लगेच येतो.

दुसरा ढीग 'नाव नाही' चा. साठ ओळी वरून खाली वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि ती द्यायचीच. नुसते आकडे, शीर्षकं, 'मुख्याध्यापक सही व शिक्का', हे सगळं अपेक्षित. पण एका ओळीत जन्मतारीख होती आणि खाते क्रमांकही. नाव D मध्येच, अनुक्रमांकाला चिकटून लिहिलेलं. चक्क एक मूल. नाव E मध्ये हलवलं, खूण 'ठेवा' केली. आता ठेवा २१४, मथळा २२, नाव नाही ५९, रिकामी १६, तुकडा १. बेरीज ३१२.

काढणं म्हणजे हलवणं

आधी फिल्टर काढा, मग A1 ते L313 पूर्ण निवडून C वर आणि त्याखाली A वर क्रम लावा. एकेका खुणेच्या ओळी एकत्र येतात. 'ठेवा' सोडून बाकीच्या ९८ ओळी कापून 'काढलेले' नावाच्या वेगळ्या पानावर चिकटवा. फिल्टर लावून दिसणाऱ्या ओळी खोडण्यापेक्षा मला ही रीत आवडते, कारण सलग ओळी निवडताना लपलेलं काही सोबत जात नाही. शिवाय कुणी विचारलं की 'आमची एक मुलगी राहिली' तर त्या पानावर आधी पाहता येतं. मग उरलेल्या ओळींना A वर क्रम लावला की शाळा पुन्हा आपापल्या जागी.

कोरे स्तंभ सगळ्यात शेवटी

स्तंभ शेवटी घ्यायचे, कारण मथळे असेपर्यंत कुठलाच स्तंभ कोरा नसतो. 'शेरा' मध्ये मूल एकही नसलं तरी मथळे असतात. आता ते गेले. पण पूर्ण स्तंभ मोजूनही भागत नाही. K मोजला तर ३१ आले. म्हणजे ३१ मुलांना शेरा दिलाय? आणि वरच्या चार-पाच शाळा पाहून 'हा स्तंभ कोराच आहे' म्हणत K खोडला असता तर?

म्हणून शाळेगणिक मोजायचं. नवं पान घ्या, A2 पासून खाली शाळांची नावं B मध्ये आहेत तशीच्या तशी चिकटवा, आणि B2 मध्ये हे सूत्र लिहून उजवीकडे J पर्यंत आणि खाली ओढा:

```
=SUMPRODUCT(('माहिती'!$B$2:$B$215=$A2)*(LEN(TRIM('माहिती'!D$2:D$215))>0))
```

नऊ शाळा आणि नऊ स्तंभ, असा छोटासा तक्ता तयार होतो. त्यात काय झालंय ते एका नजरेत दिसतं. आठ शाळांच्या ओळी सारख्याच घडणीच्या: आकडे, आकडे, मग शेवटी K आणि L खाली शून्य. सातव्या शाळेची ओळ मात्र अशी:

```
D   E   F   G   H   I   J   K   L
31  31  0   31  31  31  29  31  0
```

F शून्य, आणि K मध्ये ३१. त्या शाळेने नमुन्यात नावासाठी दोन चौकोन जोडून रुंद जागा केली होती. सुटे केल्यावर नाव E मध्ये राहिलं, F कोरा झाला आणि पुढचं सगळं एक घर उजवीकडे गेलं. इयत्ता G मध्ये, जन्मतारीख H मध्ये, मोबाइल J मध्ये (दोन पालकांचे नाहीत, म्हणून २९), आणि K मध्ये खाते क्रमांक. मघाच्या `(Blanks)` मधल्या ३१ ओळी त्या याच. 'शेरा' चा कोरा स्तंभ म्हणून K काढला असता तर ३१ मुलांची खाती गेली असती, तीही तक्ता अगदी स्वच्छ दिसत असताना.

दुरुस्ती सोपी आहे. त्या शाळेच्याच ३१ ओळींमधले F चे चौकोन निवडा, `Delete` मध्ये `Shift cells left` घ्या. पूर्ण स्तंभ काढू नका, बाकीच्या आठ शाळांची इयत्ता जाईल. मग मोजणीच्या तक्त्याकडे परत या. सूत्रातल्या पत्त्यांच्या जागी कुठे `#REF!` आलं तर ते पुन्हा लिहा. आता नऊही ओळींत K आणि L खाली शून्य दिसलं की ते दोन स्तंभ खुशाल काढा.

जे स्तंभ अर्धवट भरलेले आहेत त्यांना हात लावू नका. मोबाइलच्या स्तंभात एखाद्या शाळेत शून्य असेल तर ती त्या शाळेला फोन करण्याची बाब आहे, स्तंभ काढण्याची नव्हे.

दर महिन्याला येत असेल तर

हेच काम वारंवार करावं लागत असेल तर एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शिकून घ्यावं. फोल्डरमधल्या फाइली ते स्वतः एकत्र करतं, आणि कुठली ओळ कुठल्या फाइलमधून आली तेही लिहितं. त्यातली `Remove Blank Rows` आज्ञा पूर्ण कोऱ्या ओळीच काढते, एका कोऱ्या चौकोनावरून ओळ उडवत नाही. पण नुसती स्पेस असलेली किंवा नुसता अनुक्रमांक छापलेली ओळ तिच्या दृष्टीने भरलेलीच असते. `Fill Down` ही शाळेचं नाव खाली उतरवायला चांगली, मात्र ती फक्त `null` असलेल्या जागा भरते. वर्षातून एकदाच येणाऱ्या नऊ फाइलींसाठी मी अजून हातानेच करतो.

शेवटी D मधले अनुक्रमांक पुन्हा १ ते २१४ घाला आणि A व C स्तंभ काढून टाका. B राहू द्या. आमच्याकडे तरी वरून पुढचा प्रश्न 'शाळानिहाय पाठवा' हाच येतो.